मॉडच्या समीकरणात ताळा जुळतो, तरी उत्तर चुकतं: आधी छेदाची चिन्हं बघा

"मॅडम, दोन्ही केस केल्या, ताळाही बघितला, तरी मागच्या पानावरचं उत्तर वेगळंच आहे." अकरावीचा मॉडचा धडा सुरू झाला की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. पुस्तकात त्याला केवलमूल्य म्हणतात, वर्गात सगळे मॉडच म्हणतात, म्हणून मीही इथे मॉडच म्हणते. मॉडच्या आत साधं `x − 3` असेल तोवर सगळं सुरळीत असतं. आत अपूर्णांक आला आणि छेदातही `x` आला, की हीच तक्रार सुरू होते.

परवा एका मुलीने आणलेलं गणित जसंच्या तसं देते:

```
|(4x + 2)/(x − 1)| = x + 2
```

तिचं उत्तर होतं 4 आणि −5. खरं उत्तर −1, 0 आणि 4. म्हणजे एक उत्तर बरोबर, दोन हरवलेली आणि एक भलतंच घुसलेलं. गंमत म्हणजे तिच्या वहीत आकडेमोडीची एकही चूक नव्हती. वर्गसमीकरणं बरोबर, अवयव बरोबर. अशा वेळी मुलं तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करून बघतात, अर्धा तास जातो आणि दरवेळी उत्तर तेच येतं. बिघाड आकडेमोडीत नसतो, तिच्या आधीच्या एका ओळीत असतो.

तिच्या वहीतलं पान असं होतं:

```
x ≥ −1/2 असताना:
  (4x + 2)/(x − 1) = x + 2
  4x + 2 = x² + x − 2
  x² − 3x − 4 = 0
  x = 4 किंवा −1      (−1 बाद)

x < −1/2 असताना:
  −(4x + 2)/(x − 1) = x + 2
  −4x − 2 = x² + x − 2
  x² + 5x = 0
  x = 0 किंवा −5      (0 बाद)
```

तिने −1/2 कुठून आणला ते उघड आहे. `4x + 2` तिथे शून्य होतो. मॉडच्या आत `4x + 2` एवढंच असतं, तर ही विभागणी अगदी योग्य ठरली असती. पण आत अख्खा अपूर्णांक आहे, आणि अपूर्णांकाचं चिन्ह एकटा अंश ठरवत नाही.

मी तिला एवढंच सांगितलं, "x = −2 घे आणि फक्त अपूर्णांकाची किंमत काढ." अंश −6, छेद −3, किंमत 2. किंमत आधीच धन आहे. तिच्या दुसऱ्या केसप्रमाणे मात्र तिथे मॉड काढताना पुढे उणे लावायचा होता, म्हणजे मॉडची किंमत −2. मॉड ऋण आलेला बघून ती स्वतःच हसली. मग `x = 0` घेतला. अंश 2, छेद −1, किंमत −2. तिच्या पहिल्या केसने इथे उणे लावलाच नव्हता, म्हणजे पुन्हा मॉड ऋण. तिने आखलेल्या दोन्ही केसमध्ये असा एकेक तुकडा होता जिथे चिन्ह उलटं पडत होतं. −1 आणि 0 ही दोन्ही हरवलेली उत्तरं नेमकी त्याच तुकड्यांत बसलेली होती.

दुरुस्ती: संख्यारेषेवर दोन खुणा, तीन तुकडे

अंश −1/2 ला शून्य होतो, छेद 1 ला. अपूर्णांकाचं चिन्ह या दोनच ठिकाणी बदलू शकतं. म्हणून संख्यारेषेवर दोन्ही खुणा करायच्या आणि तयार झालेल्या तीन तुकड्यांत एकेक सोपी संख्या घालून चिन्ह बघायचं.

−1/2 च्या डावीकडे −2 घालून आत्ताच बघितलं: उणे भागिले उणे, म्हणजे धन. −1/2 आणि 1 यांच्या मधे 0 घातला तर ऋण. 1 च्या उजवीकडे 2 घातला तर 10 भागिले 1, धन. −1/2 हा बिंदू शेजारच्या कुठल्याही तुकड्यात टाकला तरी चालतो, तिथे अपूर्णांक शून्यच असतो आणि शून्याला उणे लावून काही बिघडत नाही. 1 मात्र कुठल्याच तुकड्यात घ्यायचा नाही. तिथे छेद शून्य होतो, म्हणजे समीकरणच अस्तित्वात नाही.

आता वर्गसमीकरणं नव्याने सोडवायची गरजच नाही. मॉड जसाच्या तसा उघडला की 4 आणि −1 मिळतात, उणे लावून उघडला की 0 आणि −5. फक्त कोण कुठल्या तुकड्यातलं ते तपासायचं. जसाच्या तसा उघडण्याची परवानगी डावीकडच्या आणि उजवीकडच्या तुकड्यात आहे. −1 डावीकडे बसतो, 4 उजवीकडे बसतो, दोघेही राहिले. उणे लावण्याची परवानगी फक्त मधल्या तुकड्यात आहे. 0 तिथे बसतो. −5 डावीकडे पडतो, तिथे उणे लावायची परवानगीच नाही, म्हणून तो बाद.

एक प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात: छेद ऋण असताना `x − 1` ने दोन्ही बाजूंना गुणलं तर चिन्ह उलटायला नको का? नको. ते असमानतेत करायचं असतं. बरोबरीच्या चिन्हाला गुणकाच्या चिन्हाशी देणंघेणं नाही, गुणक शून्य नसला म्हणजे झालं.

मग ताळा का जुळला?

मला जास्त खटकली ती ही गोष्ट. ती खोटं बोलत नव्हती, ताळा तिने खरंच बघितला होता. पण कशात? `x² + 5x = 0` मध्ये. तिथे −5 घातला की 25 − 25 = 0, जुळलं. मी म्हटलं, एक पायरी वर जा. `−(4x + 2)/(x − 1) = x + 2` मध्ये −5 घाल. डावीकडे −(−18/−6), म्हणजे −3. उजवीकडेही −3. तरी जुळलं! आता अगदी वर जा, मूळ समीकरणात. डावीकडे |−18/−6| = 3, उजवीकडे −3. इथे मात्र नाही जुळलं.

म्हणजे −5 हे त्या केसच्या समीकरणाचं अस्सल मूळ आहे, त्यात काही घोळ नाही. मॉड उघडताना आपण जे गृहीत धरलं तेवढंच त्याला लागू पडत नाही. आणि ते गृहीतक मॉड उघडल्यानंतरच्या कुठल्याही ओळीत उरलेलं नसतं. म्हणून ताळा मॉडचे उभे दांडे असलेल्या पहिल्या ओळीतच बघायचा. त्याखालच्या ओळींत बघितलेला ताळा फक्त तुमची आकडेमोड तपासतो.

चारही मुळं मूळ समीकरणात घालून बघा. 4 घातला तर |18/3| = 6, उजवीकडे 6. −1 घातला तर |−2/−2| = 1, उजवीकडे 1. 0 घातला तर |2/−1| = 2, उजवीकडे 2. −5 चं आत्ताच पाहिलं. चार ओळींचं काम आहे.

तुकडे न पाडता

याच गणिताला याहून छोटी वाट आहे आणि मला स्वतःला तीच आवडते. मॉड जसाच्या तसा उघडा की उणे लावून उघडा, मिळालेल्या मुळाशी दोन्ही बाजूंची संख्या आकाराने सारखीच असते, फरक फार तर चिन्हाचा. −5 ला सुद्धा 3 आणि −3 आलेच ना. म्हणजे बिघडू शकतं ते एकच: उजवी बाजू ऋण असणं. मॉड कधी ऋण होत नाही, म्हणून उजवी बाजू शून्य किंवा धन हवी.

इथे `x + 2 ≥ 0`, म्हणजे `x ≥ −2`. ही अट गणिताच्या सुरुवातीलाच एका कोपऱ्यात लिहून ठेवा, तिच्या शेजारी `x ≠ 1` लिहा, आणि मग दोन्ही समीकरणं बिनधास्त सोडवा. 4, −1, 0, −5 या चौघांपैकी −2 च्या खाली एकटा −5 आहे. तो गेला, काम संपलं. अपूर्णांकाचं चिन्ह कुठे काय आहे हे बघावंच लागलं नाही.

मात्र दोन वाटांची सरमिसळ करू नका. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत निम्मी चूक हीच असते. एक तर तुकडे पाडा आणि प्रत्येक मूळ आपापल्या तुकड्यात आहे का बघा, नाहीतर उजव्या बाजूची अट लावा. काही मुलं तुकडे न पाडता दोन समीकरणं सोडवतात आणि मग "पहिल्या केसमध्ये x धन हवा" असं म्हणून −1 उडवतात. पहिल्या केसमध्ये अपूर्णांक धन हवा, `x` नव्हे. −1 ला अपूर्णांक 1 आहे, चांगला धन आहे. "मॉडचं उत्तर ऋण नसतं" हे वाक्य मुलांनी नको तितकं पाठ केलेलं असतं. मॉडची किंमत ऋण नसते हे खरं, पण `x` ला तो नियम कोणी लावला?

छोट्या वाटेला हद्द आहे. एका बाजूला एकटा मॉड आणि दुसऱ्या बाजूला मॉड नसलेलं काहीतरी, अशी मांडणी असेल तरच ती चालते. `|…| − 2 = x` असेल तर आधी 2 पलीकडे न्या. दोन वेगवेगळ्या मॉडची बेरीज असेल तर ही वाट सोडा आणि संख्यारेषेवर सगळ्या खुणा करून तुकडेच पाडा.

तुमचं चुकीचं उत्तर वेगळं असेल तर

याच गणितात तुम्हाला फक्त 4 आणि −1 मिळाले असतील, तर `x² + 5x = 0` ही ओळ शोधा. तिथे तुम्ही दोन्ही बाजूंना `x` ने भागलं असणार. मग उरलं `x + 5 = 0`, त्यातून −5, तो ताळ्यात बाद, आणि अख्खी केस रिकामी गेली. `x` ने भागताना तुम्ही नकळत `x ≠ 0` असं धरलं आणि तेच उत्तर होतं. भागू नका, `x(x + 5) = 0` असे अवयव पाडा. ही चूक ताळ्यात सापडत नाही हे लक्षात असू द्या. ताळा घुसलेल्याला हाकलतो, हरवलेल्याला शोधून आणत नाही.

उत्तरात `√41` डोकावत असेल, तर उणे फक्त `4x` ला लागलाय आणि 2 तसाच राहिलाय. `−4x + 2 = x² + x − 2` असं लिहिलं की `x² + 5x − 4 = 0` येतं आणि त्याचा विवेचक 41. उणे अंशाच्या अख्ख्या कंसाला लावायचा, कंस पहिल्यांदा लिहायचा आणि मगच सोडायचा.

दोन्ही केसमधून तीच मुळं येत असतील, 4 आणि −1, पुन्हा 4 आणि −1, तर उणे अंशालाही लागलाय आणि छेदालाही. `(−4x − 2)/(−x + 1)` म्हणजे मूळचाच अपूर्णांक, दोन उणे एकमेकांना खाऊन गेले. उणे एकालाच, अंशाला लावणं सोयीचं.

सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत "मुळांची बेरीज किती" असं विचारलं की या सगळ्या चुका महागात पडतात. इथे बरोबर बेरीज 3 आहे. 4 आणि −5 धरले तर −1 येते, चारही ठेवले तर −2, ऋण म्हणून −1 उडवला तर 4. पेपर काढणाऱ्याला या वह्या माहीत असतात, त्यामुळे तुमचा आकडा पर्यायांत दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

छेद शून्य करणारं मूळ आलं तर

वरच्या गणितात `x ≠ 1` ही अट लिहिली खरी, पण तिचा उपयोग झाला नाही. 1 मूळ म्हणून आलाच नाही. हा योगायोग नाही. छेदाने गुणून झाल्यावर 1 मूळ यायचा, तर उजवीकडे `(x + 2)(x − 1)` शून्य झाल्यामुळे डावीकडचा अंशही 1 ला शून्य व्हायला हवा होता. अंश तिथे 6 आहे. म्हणजे उजव्या बाजूला छेद नसेल, तर निषिद्ध संख्या मूळ म्हणून तेव्हाच येते, जेव्हा अंश आणि छेद यांच्यात समान अवयव असतो. समान अवयव नसताना तशी संख्या आली, तर ती बाद करून पुढे जाऊ नका, मागे जाऊन आकडेमोडीतली चूक शोधा.

समान अवयव असलेलं गणित असं दिसतं:

```
|(x² − x − 2)/(x − 2)| = 3
```

अंशाचे अवयव `(x − 2)(x + 1)`. मुलं आनंदाने `x − 2` काटतात, `|x + 1| = 3` उरतं, आणि 2 व −4 अशी दोन उत्तरं लिहून मोकळी होतात. उजवी बाजू 3 आहे, म्हणजे धनच, त्यामुळे मघाची अट इथे कोणालाच अडवत नाही. अडवतो तो छेद. 2 घातला की मूळ समीकरणात 0/0 होतं, म्हणून 2 बाद. −4 घातला तर अंश 16 + 4 − 2 = 18, छेद −6, भागाकार −3, मॉड 3. उत्तर एकच, −4, आणि तेही ऋण.

न काटता सोडवून बघा, फार मजेशीर आहे. पहिली केस `x² − x − 2 = 3x − 6`, म्हणजे `(x − 2)² = 0`. दुसरी `x² − x − 2 = −3x + 6`, म्हणजे `(x + 4)(x − 2) = 0`. चार जागांपैकी तीन जागी 2 येऊन बसतो, आणि इतक्यांदा आलेलं उत्तर चूक असेल असं मुलांना पटतच नाही. "मॅडम, तीनदा आलंय!" असं एकाने मला खरोखर ऐकवलं होतं.

मोबाईलवर आलेख काढून खात्री करायची सवय असेल, तर या गणितात तो दगा देतो. `|x + 1|` चा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आलेख आणि 3 ची आडवी रेघ दोन ठिकाणी छेदताना दिसतात, −4 वर आणि 2 वर. 2 पाशी आलेखाला भोक आहे, पण ते एका बिंदूएवढं. एका बिंदूला रुंदी नसते, त्यामुळे कितीही मोठं करून बघितलं तरी रेघ अखंडच दिसते. तिथे हाताने 2 घालून छेद शून्य होतोय का, हेच बघावं लागतं.